विश्लेषण : उरलेला हेअर कलर, वापरलेली ब्लेड, ब्लीच पावडर... सलूनचा हा कचरा नेमका टाकायचा कुठे?

केस काळे करून ग्राहक निघून जातो. मागे वाटीत थोडा रंग उरतो, आरशासमोरच्या फळीवर ब्लेडचे अर्धे तुकडे पडून असतात आणि कपाटात ब्लीच पावडरचा अर्धवट भरलेला डबा असतो. रात्री झाडू मारताना बहुतेक दुकानांत हे सगळे केसांबरोबर एकाच पिशवीत जाते. या तीन वस्तूंचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. एक कापते, दुसरी वायू सोडते आणि तिसरी कागद-कापसाशी गाठ पडली की तापते. त्यामुळे तिघींची वाटही वेगळी असायला हवी. ती कशी, याचा हा आढावा.

सलूनच्या ब्लेडला रुग्णालयाचा नियम लागू होतो का?

नाही. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे निदान, उपचार, लसीकरण अशा कामांतून निघणाऱ्या कचऱ्यासाठी आहेत. दाढी हा उपचार नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातले ब्लेड पांढऱ्या गटात, न टोचणाऱ्या आणि न उघडणाऱ्या डब्यात जाते, पण रक्ताचा तसाच डाग लागलेले सलूनमधले ब्लेड या चौकटीबाहेर राहते.

म्हणून सलूनला कोणताच नियम नाही, असे मात्र नाही. दुकान हे कचरा निर्माण करणारे आस्थापन आहे आणि त्याला घनकचरा व्यवस्थापन नियम लागू होतात. २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा असे चार भाग आहेत. ब्लेड आणि उरलेली रसायने सुक्या कचऱ्यात मिसळायची नाहीत, हा त्यातून निघणारा साधा अर्थ.

शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या डब्यात आपली ब्लेड टाकावीत, असा मार्ग काही जण काढतात. तो टाळलेला बरा. दवाखान्याच्या पिशव्यांना बारकोड असतो, वजनाची नोंद असते आणि त्या कचऱ्याची जबाबदारी दवाखान्यावर असते. बाहेरचा कचरा त्यात गेला, तर हिशेब दवाखान्याला द्यावा लागतो.

मग मुंबईत ही सोय आहे का?

मुंबई महापालिकेने मे २०२५ पासून घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा गोळा करण्याची सेवा सुरू केली. निवासी सोसायट्यांबरोबर ब्यूटी पार्लरनाही त्यात नोंदणी करता येते. वॅक्सिंगच्या पट्ट्या, वापरलेला कापूस अशा कचऱ्यासाठी ही सोय पार्लरच्या कामाची आहे. ब्लेडचा बंद डबा आणि उरलेला रंग गाडीवरचे कर्मचारी कोणत्या स्वरूपात घेतील, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे.

इतर शहरांत आणि गावांत घंटागाडीला लाल किंवा काळा असा वेगळा कप्पा असेल, तर तो घातक कचऱ्यासाठी असतो. कप्पा नसेल तर प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला किंवा मुकादमाला विचारावे. एकट्या दुकानदारापेक्षा एका बाजारपेठेतल्या आठ-दहा सलूनवाल्यांनी मिळून विचारले, तर महिन्यातून एकदा सगळ्यांचे डबे एकत्र उचलणे पालिकेलाही सोपे जाते.

एका दुकानात किती ब्लेड निघतात?

तीन खुर्च्यांचे एक दुकान समजा. दिवसाला ३० दाढ्या होतात. आपल्याकडे दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धे पाते वस्तऱ्यात घालण्याची पद्धत आहे. एका ग्राहकाला एक अर्धे पाते, म्हणजे दिवसाला १५ ब्लेडचे ३० तुकडे. महिन्यात २६ दिवस दुकान उघडे राहिले, तर ७८० तुकडे.

आकडा मोठा वाटतो, पण वजन फार नाही. एक दुधारी ब्लेड साधारण पाऊण ग्रॅमच्या आत असते. म्हणजे महिन्याचे सगळे तुकडे मिळून पाव किलोच्या आसपास भरतात. एक लिटरचा पत्र्याचा डबा एवढ्या तुकड्यांना पुरतो. जागा नाही, ही अडचण इथे खरी ठरत नाही. अडचण असते ती सवयीची. तुकडा फळीवर ठेवायचा, नंतर कागदात गुंडाळायचा आणि रात्री केसांच्या ढिगात टाकायचा.

कागदात गुंडाळलेले ब्लेड सुरक्षित का नाही?

कागद ओल्या केसांत आणि साबणाच्या फेसात भिजतो. पिशवी दाबली की पाते कागदातून आणि पिशवीतूनही बाहेर येते. पिशवी उचलणारा सफाई कामगार ती बहुधा मांडीला घासत नेतो, आणि कचरावेचक महिला सुका कचरा हातानेच निवडतात. सलूनच्या पिशवीत केस असतात, म्हणून ती मऊ वाटते. आत धार असल्याचा अंदाज बाहेरून येत नाही.

जखम लहान असली तरी काळजी संसर्गाची असते. हिपॅटायटिस बी हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीही रक्तातूनच पसरतात. म्हणजे सोमवारी दाढी करताना कापलेल्या ग्राहकाचे ब्लेड शनिवारी कचरा निवडताना कुणाच्या बोटात शिरले, तर 'ते जुने आहे' म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

ब्लेडचा डबा कसा करायचा?

विकतचा डबा आणायची गरज नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा सर्वांत चांगला. तो नसेल, तर डेव्हलपरची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली चालते. मात्र ती तीनदा पाण्याने विसळून पूर्ण वाळवायला हवी, कारण आत राहिलेले पेरॉक्साइड लोखंडाच्या संपर्कात आले की वायू सुटतो. पाण्याची किंवा शीतपेयाची पातळ बाटली वापरू नये. पाते तिच्यातून आरपार जाते.

झाकणाला साधारण पाच सेंटीमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद अशी एकच चीर पाडावी. दुधारी ब्लेडची लांबी सुमारे ४३ मिलिमीटर असते, त्यामुळे ते आत सहज सरकते, पण बोट जात नाही. झाकण चिकटपट्टीने डब्याला कायमचे बांधून टाकावे. डबा हा आत टाकण्यासाठी आहे, उघडून बघण्यासाठी नाही. बाहेर मोठ्या अक्षरांत 'धारदार – वापरलेली ब्लेड' असे लिहावे आणि डबा सुरू केल्याची तारीख टाकावी.

डब्याची जागाही महत्त्वाची. तो प्रत्येक खुर्चीच्या हाताशी हवा. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात एकच डबा ठेवला, तर गर्दीच्या रविवारी कारागीर तिथपर्यंत जाणार नाही आणि ब्लेड पुन्हा फळीवरच राहील. दाढी संपली, वस्तरा उघडला, पाते थेट चिरेत सोडले, एवढीच हालचाल असावी. ग्राहकाच्या डोळ्यांदेखत हे झाले, तर 'ब्लेड नवीन घातले ना?' हा प्रश्नही उरत नाही.

डबा तीन-चतुर्थांश भरला की चीर चिकटपट्टीने बंद करावी. काठोकाठ भरलेल्या डब्यात शेवटची पाती दाबून घालावी लागतात आणि हात तिथेच कापतो. डबा रिकामा करून पुन्हा वापरू नये. भंगारवाल्याला विकू नये, कारण पत्रा वेगळा काढण्यासाठी तो डबा फोडणार. जाळून उपयोग नाही, कारण पोलाद जळत नाही. मोरीत टाकलेले पाते जाळीत अडकते आणि पुढे प्लंबरच्या हाताला लागते.

कुणाला कापलेच तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. रक्त पिळून काढू नये, बोट तोंडात घालू नये. त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांच्या आत, सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्हीपासून संरक्षण देणारी औषधे सुरू करायची की नाही हे डॉक्टर ठरवतात आणि ती ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. धनुर्वाताचे इंजेक्शनही तिथेच विचारून घ्यावे. हिपॅटायटिस बीवर लस आहे. तिचे तीन डोस पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी घेतात. रोज वस्तरा हाताळणाऱ्या प्रत्येक कारागिराने ती कापण्याची वाट न बघता घेतलेली असावी.

मिसळलेला रंग बाटलीत भरून ठेवला तर काय होते?

केस रंगवण्याच्या क्रीममध्ये दोन भाग असतात. ट्यूबमध्ये पीपीडीसारखी रंगद्रव्ये आणि अमोनिया किंवा त्याचा पर्याय असतो. डेव्हलपरच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. दोन्ही एकत्र आले की पेरॉक्साइड फुटू लागते, ऑक्सिजन सुटतो आणि रंग तयार होतो. ही क्रिया एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही. म्हणून मिसळलेला रंग उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. उद्या तो रंगवणारही नाही.

तो बाटलीत बंद केला तर धोका कुठून येतो, हे हिशेबाने पाहू. डेव्हलपरवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की एक लिटर डेव्हलपरमधले सगळे पेरॉक्साइड फुटले तर २० लिटर ऑक्सिजन निघतो. टक्क्यांत सांगायचे तर ते सहा टक्के पेरॉक्साइड असते.

आता एका ग्राहकासाठी ६० ग्रॅमची ट्यूब आणि ९० मिलिलिटर डेव्हलपर मिसळले, असे समजू. एकूण सुमारे १५० ग्रॅम झाले. ११० ग्रॅम वापरले, ४० उरले. या ४० ग्रॅममध्ये २४ मिलिलिटर डेव्हलपर आहे. त्याच्या २० पट, म्हणजे ४८० मिलिलिटर ऑक्सिजन त्यातून सुटू शकतो. हा उरलेला रंग १०० मिलिलिटरच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावले, तर आत वायूसाठी जागा उरते फक्त ६० मिलिलिटर. एवढ्याशा जागेत आठपट वायू. रंग लावेपर्यंत काही पेरॉक्साइड खर्च झालेले असते, त्यामुळे सगळा वायू सुटणार नाही. पण त्यातला पाव भाग जरी सुटला, तरी बाटलीतला दाब स्कूटरच्या टायरइतका होतो. टायर त्यासाठी बनवलेला असतो. प्लास्टिकची बाटली फुगते, झाकण उडते आणि रंग समोर असलेल्याच्या डोळ्यांत जातो.

बाटली फुगलेली दिसली, तर झाकण चेहऱ्यासमोर धरून उघडू नये. हातमोजे घालावेत, बाटलीवर ओले फडके टाकावे, तोंड आपल्यापासून लांब ठेवावे आणि झाकण अगदी हळू सैल करावे.

मग उरलेल्या रंगाचे करायचे काय?

पहिली गोष्ट, तो वाटीतच, उघडा राहू द्यावा. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची असावी, धातूची नको. मुलांचा हात पोहोचणार नाही आणि हवा खेळती राहील, अशा जागी रात्रभर ठेवली की क्रिया पूर्ण होते. झाली की नाही हे ओळखता येते. वाटी बाहेरून थंड लागते, बुडबुडे थांबतात आणि रंग गडद होऊन घट्ट झालेला असतो. वाटी अजून कोमट असेल किंवा रंग फुगत असेल, तर थांबावे.

सकाळी हातमोजे घालून हा थंड रंग जुन्या वर्तमानपत्रात टिपून घ्यावा, कागद पिशवीत बांधावा आणि पिशवी घातक किंवा विशेष काळजीच्या कचऱ्यात द्यावी. हातमोजे घालायचे, कारण क्रिया पूर्ण झाली तरी थोडे पीपीडी शिल्लक असते. पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. कारागिराला ती जडली, तर त्याचे रंगाचे काम कायमचे बंद होऊ शकते.

रंग थेट मोरीत का ओतू नये? केस धुताना थोडा रंग पाण्याबरोबर जातोच, ते टाळता येत नाही. पण तो भरपूर पाण्यात विरळ झालेला असतो. वाटीतला रंग घट्ट असतो आणि त्यातली द्रव्ये पाण्यातल्या जिवांना अपायकारक आहेत. शिवाय मोरी कुठे जाते, यावरही बरेच अवलंबून आहे. मलनिस्सारण वाहिनीतले पाणी प्रक्रिया केंद्राकडे जाते. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातले पाणी प्रक्रियेविना थेट नाल्यात, खाडीत किंवा नदीत जाते. रस्त्याकडेच्या टपरीवजा दुकानांची मोरी बहुधा या गटारालाच जोडलेली असते. गावात सेप्टिक टँक असेल, तर पेरॉक्साइड आणि रंग त्यातल्या कुजवणाऱ्या जिवाणूंनाच मारतात आणि टाकी तुंबू लागते.

ब्लीच पावडर वेगळी का वागते?

हायलाइट किंवा फिकट रंगासाठी वापरली जाणारी ब्लीच पावडर म्हणजे प्रामुख्याने अमोनियम, पोटॅशियम आणि सोडियम यांची परसल्फेट. ती स्वतः पेटत नाहीत, पण दुसऱ्याला पेटायला मदत करतात. पेरॉक्साइडबरोबर मिसळल्यावर ती तापतात. असे ओले मिश्रण कागद, कापूस, केस यांच्यात दाबले गेले, तर उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कचऱ्याचा डबा आतून तापत जातो. रात्री बंद दुकानातल्या प्लास्टिकच्या डब्यात असे होणे धोक्याचे.

म्हणून वरची वर्तमानपत्राची युक्ती ब्लीचला लागू नाही. फरक लक्षात ठेवायचा तो एवढाच : रंगाला कागद, ब्लीचला पाणी. उरलेल्या ब्लीचच्या मिश्रणात किमान दहापट पाणी घालावे, ते रुंद प्लास्टिकच्या टबात उघडे ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाणी सोडून मलनिस्सारण वाहिनीच्या मोरीत ओतावे. ग्राहकाच्या केसांतून धुतले जाते तेच द्रव्य हे, पण आता तितकेच विरळ. हायलाइटचा ॲल्युमिनियम फॉइलही ब्लीचसकट चुरगाळून टाकू नये. तो पाण्याखाली धुवून, वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावा.

कोरड्या पावडरचा शत्रू आहे ओल. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच दमट असते. डबा उघडा राहिला किंवा ओला चमचा आत गेला की पावडरीचे गोळे होतात. डबा बाहेरून गरम लागला, झाकण वर आले किंवा झोंबणारा वास येऊ लागला, तर आत क्रिया सुरू झाली आहे. अशा वेळी झाकण पुन्हा दाबून बसवू नये. डबा स्प्रे, ॲसिटोन आणि कापडांपासून दूर, उघड्यावर न्यावा आणि पावडर बादलीभर पाण्यात थोडी थोडी सोडावी. पावडरीची धूळ नाकात जाऊ देऊ नये. परसल्फेटच्या धुळीमुळे केशकारागिरांना दमा होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे.

कपाटात कोणती वस्तू कुठे ठेवावी?

तीन जागा कराव्यात. रंगाच्या ट्यूब आणि डेव्हलपर खालच्या फळीवर, थंड आणि सावलीच्या जागी. जड बाटली डोळ्यांच्या वर असेल, तर घसरताना ती चेहऱ्यावर सांडते. ब्लीच पावडर दुसऱ्या, कोरड्या जागी. नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट आणि हेअर स्प्रे या दोन्हींपासून लांब, शिवाय ड्रायर, वॅक्स गरम करायचे भांडे आणि देवाजवळचा दिवा यांच्यापासूनही लांब.

डेव्हलपरच्या मूळ झाकणातून थोडा वायू बाहेर पडण्याची सोय केलेली असते. म्हणून ते झाकण बदलू नये आणि डेव्हलपर दुसऱ्या बाटलीत भरू नये. मापात काढलेले जास्तीचे डेव्हलपर परत बाटलीत ओतू नये. ब्रशवरचा रंगाचा थेंब किंवा धातूचा कण आत गेला, तरी सगळी बाटली हळूहळू फुटू लागते. उन्हाळ्यात दुपारी शटर ओढलेल्या, पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात हे आणखी वेगाने होते. जुने झालेले डेव्हलपर मात्र टाकायला सोपे आहे. एक लिटरला बादलीभर पाणी घालून थोडे थोडे मोरीत सोडले, की पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होते.

फरशी पुसायचे ब्लीचिंगचे द्रावण, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, या कपाटात असूच नये. अमोनिया असलेल्या रंगात ते मिसळले तर क्लोरामाइन हा घातक वायू होतो, आणि शौचालय साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळले तर क्लोरिन. रंगाची वाटी हायपोक्लोराइटने धुणे म्हणूनच टाळावे. साबण आणि पाणी पुरते.

अर्धी उरलेली, न मिसळलेली ट्यूब ठेवता येते. तळापासून दाबून आतली हवा काढावी, तोंड पुसावे आणि झाकण घट्ट लावावे. ट्यूबवर उघड्या डबीचे चिन्ह आणि '12M' असे लिहिलेले असेल, तर उघडल्यापासून १२ महिने ती वापरता येते. उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवावी. तोंडाशी क्रीम काळपट झाले असेल, तर तेवढा भाग हवेने खराब झाला आहे. सगळीच ट्यूब काळवंडली असेल, तर ती पिळून रिकामी न करता झाकणासकट घातक कचऱ्यात द्यावी. मुदत संपलेल्या न उघडलेल्या ट्यूब वितरक परत घेतो का, हे आधी विचारावे.

घरगुती बाटलीत रंग भरणे इतके धोक्याचे का?

पीपीडी असलेला केसांचा रंग पोटात गेला, तर काही तासांत चेहरा, जीभ आणि घसा सुजतो आणि श्वास कोंडतो. पुढे स्नायू खराब होतात, लघवी गडद होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. अशा विषबाधेचे रुग्ण भारतातल्या रुग्णालयांना नवे नाहीत. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरलेला पातळ रंग वडिलांबरोबर दुकानात आलेले मूल पिऊ शकते. असे झाले तर उलटी करवू नये. पॅकेट बरोबर घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे, सूज आली नसली तरी. रिकाम्या बाटल्या भंगारात देतानाही आधी विसळाव्यात आणि लेबल फाडावे, म्हणजे कुणी त्यात दुसरे काही भरणार नाही.

कचरा मुळातच कमी करता येईल का?

पुन्हा तेच तीन खुर्च्यांचे दुकान घेऊ. दिवसाला पाच जण केस रंगवतात आणि प्रत्येकामागे ४० ग्रॅम रंग उरतो. दिवसाला २०० ग्रॅम, महिन्याच्या २६ दिवसांत ५ किलो २०० ग्रॅम. त्यात ट्यूबमधल्या क्रीमचा वाटा दोन-पंचमांश, म्हणजे दोन किलोंहून थोडा जास्त. ६० ग्रॅमच्या सुमारे ३५ ट्यूब दर महिन्याला विकत घेऊन टाकल्या जातात.

उपाय आहे स्वयंपाकघरात वापरतात तसा छोटा डिजिटल वजनकाटा. पुरुषांच्या आखूड केसांसाठी किंवा फक्त मुळांना रंग लावायचा असेल, तेव्हा पूर्ण ट्यूब न मिसळता आधी अर्धी, म्हणजे ३० ग्रॅम क्रीमला ४५ मिलिलिटर डेव्हलपर घ्यावे. कमी पडले तर त्याच प्रमाणात आणखी मिसळायला दोन मिनिटे लागतात. नेहमीच्या ग्राहकाच्या नावापुढे किती ग्रॅम लागले हे वहीत लिहिले, तर पुढच्या वेळी अंदाजही करावा लागत नाही.

रात्री शटर ओढण्याआधी

• आधी फळ्या आणि फरशीवरची ब्लेड पाहून डब्यात टाकावीत, मगच केस झाडावेत.
• उरलेला रंग उघड्या वाटीत, मुलांपासून दूर. कोणत्याही बाटलीत नाही.
• उरलेल्या ब्लीचमध्ये दहापट पाणी. कागद, कापूस, केस यांच्या डब्यात नाही.
• ब्लीच पावडरचे झाकण घट्ट, डबा कोरडा. डेव्हलपर मूळ झाकणासह सावलीत.
• सकाळी आधी रंगाची वाटी बाहेरून हात लावून पाहावी. थंड असेल तरच रंग कागदाने टिपून पिशवी बांधावी.
• घंटागाडीवर ब्लेडचा बंद डबा देताना तो हातात द्यावा आणि 'यात ब्लेड आहेत' हे तोंडानेही सांगावे. लेबल वाचायला गाडीवर वेळ असतोच असे नाही.